अंदाजाचे भाडे आणि पावतीचे भाडे

अ‍ॅपवरून टॅक्सी बोलावली की गाडी येण्याआधी पडद्यावर एक रक्कम दिसते आणि प्रवास संपल्यावर पावतीवर अनेकदा तिच्याहून मोठी रक्कम येते. ती वाढण्याची नेहमीची कारणे चार आहेत: मागणी वाढल्यामुळे चढलेला दर, म्हणजे सर्ज, गाडी दारात उभी राहिल्याचे वेटिंग, वाटेतला टोल, आणि रद्द केलेल्या गाडीचा आकार. ही चारही एकाच पावतीवर उतरतात, पण ती एका जातीची नाहीत. सर्ज बुकिंग करण्याआधीच भाड्यात मिसळलेला असतो. वेटिंग आणि टोल प्रवासादरम्यान घडतात. रद्द केल्याचा आकार तर या प्रवासाचा नसतोच, तो आधीच्या न झालेल्या प्रवासाचा असतो. कोणती रक्कम केव्हा ठरली, हे वेगळे केल्याशिवाय भाडे वाजवी होते की नाही याचा निर्णय होत नाही. बहुतेक भांडणे इथेच चुकीच्या वळणाला लागतात.

मुंबईतले एक उदाहरण घेऊ. यातले भाड्याचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. अंधेरी पश्चिमेहून चर्चगेटला, वांद्रे-वरळी सागरी सेतू मार्गे, अंतर सुमारे २४ किलोमीटर. संध्याकाळी सातला प्रवासी अ‍ॅप उघडते तेव्हा ५६० रुपये दिसतात. ती फोन बाजूला ठेवते. दहा मिनिटांत पाऊस सुरू होतो. आता ७२० रुपये दिसतात आणि ती गाडी बोलावते. पण नकाशावरची गाडी जागची हलत नाही, म्हणून बारा मिनिटे वाट पाहून ती रद्द करते. दुसरी गाडी ७६० रुपयांना मिळते. ती दारात आल्यावर प्रवासी खाली उतरायला नऊ मिनिटे लावते. शेवटी खात्यातून ९१८ रुपये जातात. ७६० भाडे, ८ वेटिंग, १०० टोल, ५० रद्द केल्याचे.

या पावतीकडे दोन बाजूंनी पाहता येते. एक बाजू आहे ग्राहकांच्या तक्रारी हाताळणाऱ्या कार्यकर्तीची. दुसरी आहे मुंबईत आधी काळी-पिवळी आणि आता अ‍ॅपची गाडी चालवणाऱ्या चालकाची.

कार्यकर्तीचा पहिला आक्षेप सरळ आहे. “दादा, पाचशे साठ दाखवले आणि नऊशे अठरा कापले. तीनशे अठ्ठावन्न रुपये जास्त. दुकानदाराने पाटीवर एक किंमत लिहिली आणि गल्ल्यावर दुसरी मागितली तर आपण त्याला सोडतो का?”

चालकाला हे मान्य नाही. “ताई, पाचशे साठला गाडी बोलावलीच कुठे? बघितलं आणि फोन ठेवला. बुकिंग झालं ते सातशे साठला. तुम्ही हिशेब सातशे साठपासून करा. बाकी दोनशेचं भांडण आहे, पण ते वेगळं भांडण आहे.”

चालकाचे म्हणणे यंत्रणेच्या दृष्टीने बरोबर आहे. बुकिंग करेपर्यंत पडद्यावरची रक्कम बांधलेली नसते. अ‍ॅप शहराचे लहान लहान तुकडे पाडते. उबरने यासाठी षटकोनांची जी पद्धत बनवली, ती २०१८ मध्ये सर्वांना वापरायला खुली केली. प्रत्येक तुकड्यात किती जण गाडी मागत आहेत आणि किती गाड्या मोकळ्या आहेत, याचे प्रमाण काही मिनिटांनी पुन्हा काढले जाते. पाऊस आला की दोन गोष्टी एकदम होतात. रिक्षा, बस किंवा पायी जाणारे लोकही गाडी शोधू लागतात, आणि रस्ते तुंबल्यामुळे आधीच्या खेपांत अडकलेल्या गाड्या लवकर मोकळ्या होत नाहीत. त्यामुळे दहा मिनिटांत दर चढणे हा बिघाड नाही. सर्ज नेमका अशाच वेळेसाठी बनवलेला आहे. रस्ता ओलांडून पन्नास-शंभर मीटर पुढे गेल्यावर कधीकधी भाडे उतरते, कारण माणूस शेजारच्या तुकड्यात गेलेला असतो.

कार्यकर्ती इथे थांबत नाही. तिचा खरा आक्षेप दर चढण्यापेक्षा तो झाकला जाण्यावर आहे. “पूर्वी निदान आकडा दिसायचा. दर दीडपट झालाय, पावणेदोनपट झालाय, असं अ‍ॅप सांगायचं. आता नुसती बेरीज दिसते. मूळ भाडं किती आणि चढवलं किती, हे प्रवाशाला कळणार कसं?”

२०१६ च्या सुमारास ही पद्धत बदलली. त्याआधी मूळ आकार, किलोमीटर आणि मिनिटे यांची बेरीज प्रवास संपल्यावर होई आणि सर्जचा गुणाकार प्रवाशाला आधी सांगितला जाई. मग आगाऊ भाड्याची पद्धत आली. अ‍ॅप आधीच मार्ग आणि वेळ यांचा अंदाज बांधते, त्यात सर्ज मिसळते आणि एकच रक्कम दाखवते. चालक या बदलाची दुसरी बाजू सांगतो. “तेव्हा गुणाकार दिसायचा, पण शेवटचा आकडा दिसत नव्हता. ट्रॅफिकमध्ये अडकलं की मिनिटं चढत जायची आणि प्रवासी मागच्या सीटवर घामाघूम. आता आकडा आधी कळतो. मग माहीममध्ये वीस मिनिटं जास्त गेली तर ती माझ्या खिशातून. मीटरला थांबलेल्या वेळेचे पैसे मिळायचे. इथे रस्ता तोच असेल तर बहुतेक वेळा काहीच वाढत नाही.”

दोघांच्या बोलण्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. आगाऊ भाड्याने रहदारीची जोखीम प्रवाशाकडून बऱ्याच अंशी चालकाकडे गेली, आणि त्याबरोबर दराचा तपशील दिसेनासा झाला. ही अदलाबदल दोघांपैकी कोणाला विचारून झालेली नाही.

तरीही तपशील दिसत नसताना भाडे मर्यादेत आहे का, हे तपासता येते. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सर्जला मूळ भाड्याच्या दीडपटीची मर्यादा घातली होती. जुलै २०२५ च्या नव्या तत्त्वांनी ती मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत नेली, पण ही तत्त्वे अमलात आणायची ती राज्यांनी. महाराष्ट्राने मे २०२५ च्या धोरणात दीडपटच ठेवली आणि मागणी कमी असताना सूट पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नये, असेही म्हटले. दीडपट कशाची, हा प्रश्न मात्र तोवर लोंबकळत होता. मूळ दर कंपनीनेच ठरवला तर तो वाढवून कोणतीही रक्कम मर्यादेत बसवता येते. म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये परिवहन खात्याने मुंबई महानगरातल्या अ‍ॅप टॅक्सींसाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे हा दर ठरवून दिला, तेव्हाच या मर्यादेला अर्थ आला. दीडपट म्हणजे ३४ रुपये ८ पैसे, आणि पंचवीस टक्के सूट म्हणजे १७ रुपये ४ पैसे.

कर बाजूला ठेवून हाच हिशेब आपल्या पावतीला लावू. २४ किलोमीटरचे मूळ भाडे ५४५ रुपये २८ पैसे, आणि त्याची दीडपट ८१७ रुपये ९२ पैसे. ७६० रुपये या मर्यादेच्या आत आहेत. ते ८५० असते तर तक्रारीला जागा होती. कागद-पेन्सिलने दोन मिनिटांत होणारी ही तपासणी आहे. तिच्यासाठी फक्त किलोमीटरचा आकडा लागतो आणि तो पावतीवर छापलेला असतो.

कार्यकर्ती हिशेब मान्य करते, पण प्रश्न वळवते. “ठीक आहे, दोनशे कायद्यात बसले. पण ते दोनशे तुम्हाला मिळाले का? पावसात गाडी काढावी म्हणून तर सर्ज आहे ना?”

चालक सावकाश उत्तर देतो. “नेहमी नाही. प्रवाशाच्या पडद्यावरचा सर्ज आणि माझ्या पडद्यावरचा बोनस हे दोन वेगळे आकडे असतात. प्रवासी उतरताना सांगतो किती दिले, तेव्हा मला कळतं.” राज्याच्या धोरणानुसार भाड्याचा किमान ८० टक्के वाटा चालकाचा आहे. ७६० चे ८० टक्के ६०८ होतात. चालकाला या खेपेचे ५२० दिसले असतील तर गडबड आहे, आणि ती फक्त प्रवासी किंवा फक्त चालक यांना कळू शकत नाही. दोघांचे पडदे शेजारी ठेवले तरच ती दिसते. मोठे भाडे दिल्यावर चालकाला त्याचा आकडा विचारणे हा आगाऊपणा नाही, उलट त्याला तो प्रश्न बहुधा हवाच असतो.

सर्जचा हिशेब बुकिंगपाशी संपतो. त्यानंतर जे वाढते त्याची कारणे रस्त्यावर सापडतात.

वेटिंगमध्ये रक्कम लहान असते, पण कटुता मोठी. दारात आल्यावर साधारण तीन ते पाच मिनिटे मोफत असतात आणि पुढे मिनिटामागे काही रुपये लागतात. नेमकी मिनिटे आणि दर अ‍ॅप, शहर आणि गाडीच्या प्रकारानुसार बदलतात आणि बुकिंगच्या पडद्यावर भाड्याच्या तपशिलात लिहिलेले असतात. आपल्या उदाहरणात नऊपैकी पाच मिनिटे मोफत होती आणि उरलेल्या चार मिनिटांचे दोन रुपयांप्रमाणे आठ रुपये झाले. इथे वाद दराचा नसतो. घड्याळ केव्हा सुरू झाले, हा वाद असतो.

“गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच पोहोचलो म्हणून बटण दाबतात,” कार्यकर्ती सांगते. “प्रवासी गेटवर उभा, गाडी दिसत नाही, आणि मिनिटं मात्र चालू.”

“दाबतात,” चालक कबूल करतो. “पण उलटंही ऐका. पिन टाकलेली असते मागच्या गल्लीत आणि माणूस उभा असतो मुख्य रस्त्यावर. मी पिनवर पोहोचतो, फोन करतो, ‘दोन मिनिटांत आलो’ ऐकतो, आणि मागून हॉर्न सुरू. मुंबईत दोन मिनिटं गाडी उभी करायला जागा कुठे आहे? ट्रॅफिक पोलिसाने फोटो काढला तर ई-चलन माझ्या नावावर.”

गाडी पिनच्या ठरावीक अंतरात आल्यावरच पोहोचल्याची नोंद व्हावी, अशी व्यवस्था अ‍ॅपमध्ये असते. पण उंच इमारतींमध्ये उपग्रहाकडून मिळणारे स्थान काही दहा मीटरनी सरकते आणि उड्डाणपुलाखाली तर वरची गाडी आणि खालची गाडी यांत फरकच राहत नाही. गाडी आल्याची सूचना फोनवर आली ती वेळ आणि चालकाचा कॉल आला ती वेळ, या दोन नोंदी प्रवाशाकडे असतात. सूचना आल्यानंतरही नकाशावर गाडी सरकत होती, असे दिसले तर वेटिंग चुकीचे लागले.

मार्ग बदलला की आगाऊ भाडे सुटते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. वाटेत थांबा वाढवला, उतरण्याची जागा बदलली, किंवा ठरलेल्या मार्गाहून गाडी बरीच वेगळी गेली, तर अ‍ॅप आगाऊ रक्कम सोडून प्रत्यक्ष किलोमीटर आणि मिनिटांवर भाडे पुन्हा काढू शकते. “बरीच” म्हणजे किती, हे प्रवाशाला आधी सांगितले जात नाही. कार्यकर्तीच्या मते हा या व्यवस्थेतला सर्वांत अन्यायाचा भाग आहे, आणि या एका मुद्द्यावर तिचे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे. चालक फक्त एवढे म्हणतो, “‘दादा, जरा आतून घ्या’ असं प्रवासीच सांगतो. मी घेतो. भाडं वाढलं की बोट माझ्याकडे.” पावतीवरच्या नकाशात निळी रेघ असते. ती सरळ रस्त्याने न जाता इमारतींवरून उड्या मारत गेलेली दिसली, तर किलोमीटर स्थान चुकल्याने वाढले आहेत. रेघ रस्त्यावरच असून लांबून गेली असेल तर मार्ग खरोखर बदलला होता. पहिल्या प्रकारात पैसे परत मिळणे बरेच सोपे असते.

टोलाचा मुद्दा त्यामानाने सरळ आहे. सागरी सेतूवर मोटारीला एका फेरीचे १०० रुपये एप्रिल २०२४ पासून लागतात. गाडीच्या फास्टॅगमधून ते चालकाच्या खात्यातून जातात आणि अ‍ॅप ते प्रवाशाच्या पावतीत टाकून चालकाला देते. अंदाजात टोल धरलेला होता की नाही, एवढेच बुकिंगच्या वेळी पाहायचे. काही वेळा तो रकमेत मिसळलेला असतो, काही वेळा “टोल वेगळा” असे बारीक अक्षरांत असते. आपल्या उदाहरणात तो वेगळा होता. मिसळलेला असूनही चालकाने उतरताना रोख मागितला तर तो दुसऱ्यांदा घेतला जात आहे.

“आणि न लागणारा टोल?” कार्यकर्ती विचारते. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी इथे, हलक्या वाहनांना टोल माफ आहे. ठाणे किंवा वाशीच्या खेपेत या नाक्यांचा टोल कोणी मागितला, तर त्यावर वाद घालण्याचेही कारण नाही. चालक यावर लगेच मान डोलावतो, पण आपली अडचणही मांडतो. “अटल सेतूवरून पनवेलच्या बाजूला भाडं घेऊन गेलो की जाताना अडीचशे प्रवासी देतो. तिकडून परत भाडं नाही मिळालं तर येतानाचा टोल माझा. म्हणून काही जण परतीचा टोल मागतात.” मागणीमागची अडचण खरी आहे. पण पावतीत नसलेली रक्कम रोख देणे प्रवाशावर बंधनकारक नाही. परतीचा टोल भाड्यात धरायचा असेल तर तो कंपनीने बुकिंगच्या आधी दाखवायला हवा.

उरतात पन्नास रुपये, आणि पावतीतली सर्वांत वादग्रस्त रक्कम हीच आहे. रद्द केल्याचा आकार लगेच वसूल झाला नाही तर तो पुढच्या प्रवासाच्या भाड्यात मिळवला जातो. त्यामुळे दुसऱ्या गाडीच्या चालकाला वाटते की प्रवाशाने आपल्याला जास्त दिले आणि प्रवाशाला वाटते की याच चालकाने जास्त घेतले. प्रत्यक्षात या पन्नास रुपयांशी त्याचा काहीच संबंध नाही.

राज्याच्या धोरणानुसार प्रवाशाने योग्य कारणाशिवाय गाडी रद्द केली तर भाड्याच्या ५ टक्के किंवा ५० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम घ्यायची आणि ती चालकाला द्यायची. चालकाने रद्द केली तर त्याच्याकडून १० टक्के किंवा १०० रुपये, यांतली कमी असेल ती घेऊन प्रवाशाच्या खात्यात जमा करायची. आपल्या उदाहरणातली रद्द गाडी ७२० रुपयांची होती. त्याचे ५ टक्के ३६ रुपये. म्हणजे आकार योग्य धरला तरी ५० रुपये घेणे चूक आहे, चौदा रुपये सरळ जास्त गेले.

कार्यकर्तीच्या मते आकारच योग्य नाही. “गाडी बारा मिनिटं हलली नाही. रद्द करायला लावलं प्रवाशाला. चालकानं स्वतः रद्द केलं असतं तर बाहत्तर रुपये तिच्या खात्यात आले असते. नुसतं बसून राहून त्यानं दंड टाळला आणि वर पन्नास रुपयांचा भुर्दंड तिच्यावर टाकला.”

चालक आपल्या धंद्याचा बचाव करत नाही, पण कारण सांगतो. “काही जण मुद्दाम बसून राहतात, हे खरं आहे. रोख हवं असतं, किंवा त्या बाजूला जायचं नसतं. पण काही वेळा आधीची खेप संपायच्या आतच अ‍ॅप पुढची गळ्यात घालतं. मी पहिल्या प्रवाशाला सोडायला अडकलेलो असतो आणि तुमच्या नकाशावर गाडी थांबलेली दिसते. दोन्हींत फरक कंपनीला कळतो, कारण माझी मागची खेप चालू होती की नाही हे तिच्याकडे आहे.”

म्हणून रद्द करण्याआधी तीन गोष्टी करायच्या: नकाशावर एकाच जागी उभी असलेली गाडी आणि वेळ दिसेल असे दोन स्क्रीनशॉट काही मिनिटांच्या अंतराने काढायचे, चालकाला अ‍ॅपमधूनच कॉल करायचा, म्हणजे त्याची नोंद राहते, आणि रद्द करताना कारणांच्या यादीत “प्लॅन बदलला” हे सोयीचे पहिले उत्तर न निवडता चालक हलत नाही किंवा उलट दिशेने जातो आहे, हे निवडायचे. घाईत निवडलेले चुकीचे कारण नंतर प्रवाशाविरुद्धच पुरावा ठरते. कंपनीने पन्नास रुपये परत केले नाहीत, तर खेपेचा क्रमांक आणि स्क्रीनशॉटसह राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा आरटीओकडे तक्रार करता येते. तक्रारीत ९१८ रुपये जास्त झाले, असे मोघम लिहिले तर उत्तरही मोघम येते. सर्ज, वेटिंग आणि टोल मान्य असून फक्त रद्द केल्याच्या ५० रुपयांना हरकत आहे, कारण गाडी बारा मिनिटे जागेवर होती, आणि कारण अमान्य ठरले तरी ३६ हून जास्त घेता येत नाहीत, असे लिहिल्यास कंपनीला त्याच एका रकमेवर उत्तर द्यावे लागते.